शाळकरी मुलांची उंची कोणत्या तक्त्यावर मांडावी?

मुलाची वाढ नीट होते आहे की नाही हे ठरवण्यासाठी बालरोगतज्ज्ञ वाढीचा तक्ता वापरतात. आडव्या रेषेवर वय असते, उभ्या रेषेवर उंची किंवा वजन, आणि मध्ये डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या सात-आठ वक्ररेषा असतात. मधली रेषा पन्नासाव्या पर्सेंटाइलची. तिच्यावर असलेल्या मुलापेक्षा निम्मी मुले उंच असतात आणि निम्मी बुटकी. सर्वांत खालची रेषा बहुधा तिसऱ्या पर्सेंटाइलची असते, म्हणजे शंभरातली साधारण तीनच मुले तिच्या खाली असतात. मूल त्या रेषेच्या खाली गेले की डॉक्टर थांबून विचार करतात. पण ही शंभर मुले कोणती, हे तक्त्यावर मोठ्या अक्षरांत कुठेच लिहिलेले नसते. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी भारतात एकापेक्षा जास्त तक्ते वापरात आहेत. त्यामुळे एकच मूल एका तक्त्यावर खुजे आणि दुसऱ्यावर ठीक ठरू शकते. तपासणीच्या कागदावर मात्र फक्त ‘उंची कमी’ एवढाच शेरा येतो.

पाच वर्षांखालच्या मुलांबाबत फारसा वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत मुद्दाम आखून एक मोठा अभ्यास केला. ब्राझीलमधील पेलोटास, घानातील आक्रा, नॉर्वेतील ओस्लो, ओमानमधील मस्कत, अमेरिकेतील डेव्हिस आणि आपल्याकडचे दक्षिण दिल्ली ही त्याची ठिकाणे होती. मुले वाटेल तशी गोळा केलेली नव्हती. आई धूम्रपान न करणारी, मूल स्तनपानावर वाढलेले, घरची परिस्थिती वाढीला आडवी न येणारी, अशा अटी घालून ती निवडली होती. या अटी पाळल्यावर सहाही ठिकाणची मुले जवळजवळ सारखी वाढली. लांबीमध्ये जो एकूण फरक दिसला, त्यातला जेमतेम तीन टक्के ठिकाणामुळे होता. त्यातला मोठा भाग त्याच ठिकाणच्या मुलांमुलांमधला होता. २००६ साली प्रसिद्ध झालेले हे तक्ते मूल कसे वाढते एवढेच सांगत नाहीत, तर पोषक परिस्थितीत ते कसे वाढायला हवे हे सांगतात. म्हणून त्यांना मानक म्हणतात. भारतातल्या अंगणवाड्यांपासून खासगी दवाखान्यांपर्यंत पाच वर्षांखाली हेच तक्ते चालतात आणि ते योग्यच आहे.

पाच वर्षांनंतर चित्र बदलते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली पाच ते एकोणीस वर्षांसाठीही तक्ते काढले. नाव तेच, मांडणी तीच, त्यामुळे तेही तशाच जगभरच्या अभ्यासातून आले असावेत असा समज सहज होतो. तसे घडलेले नाही. शाळकरी वयासाठी तसा अभ्यास झालाच नाही, कारण या वयात अन्न, खेळ, आजार आणि वयात येण्याचा काळ या साऱ्यांवर अटी घालून हजारो मुले वर्षानुवर्षे पाहणे जवळजवळ अशक्य आहे. मग अमेरिकेतली जुनी आकडेवारी पुन्हा घेतली गेली. ती १९६३ ते १९७४ या काळात तिथल्या सरकारी आरोग्य पाहण्यांत गोळा झाली होती. वजनाच्या टोकाच्या नोंदी त्यातून काढून टाकल्या आणि पाच वर्षांखालच्या नव्या मानकाशी ती रेषा नीट जुळेल अशी सांधली. गणिताच्या दृष्टीने हे काम फार चोख झाले आहे. लठ्ठपणाची लाट अमेरिकेत येण्यापूर्वीची ही मुले होती, हाही त्याचा एक फायदा. पण आज पुण्यात किंवा नांदेडमध्ये बारा वर्षांच्या मुलीची उंची ‘जागतिक’ तक्त्यावर मांडली जाते, तेव्हा तिची तुलना प्रत्यक्षात साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी मुलींशी होत असते. दिल्लीची किंवा आक्राची एकही बारा वर्षांची मुलगी त्या आकडेवारीत नाही.

भारतीय तक्त्यांचा इतिहास वेगळा आहे. १९८९ ते १९९१ या काळात देशातल्या सुस्थितीतल्या घरांमधील मुलांची मापे घेऊन अगरवाल यांच्या गटाने तक्ते तयार केले होते, आणि बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २००७ मध्ये तेच स्वीकारले. पुढे पुण्यातल्या जहांगीर रुग्णालयाशी जोडलेल्या संशोधन संस्थेत डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या गटाने २००७-०८ मध्ये देशाच्या पाचही विभागांतल्या शहरांमधून नवी मापे घेतली. तेव्हा मधल्या दोन दशकांत उंची थोडीच वाढल्याचे, पण वजन बरेच वाढल्याचे दिसले. मग २०१५ साली अकॅडमीने सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. देशभरातल्या नऊ संशोधक गटांची गेल्या दशकातली मापे त्यासाठी एकत्र केली आणि छाननीनंतर उरलेल्या सुमारे ३३ हजार मुलामुलींच्या नोंदींवरून पाच ते अठरा वर्षांच्या रेषा काढल्या. मुले मध्यम आणि वरच्या आर्थिक स्तरातली होती, म्हणजे निदान पोटभर अन्न आणि वेळेवर औषध मिळणारी. या तक्त्यांत घेतलेला एक निर्णय फार महत्त्वाचा ठरला. उंचीच्या मानाने वजन खूप जास्त असलेली मुले मोजणीतून वगळली गेली. ती तशीच ठेवली असती, तर वजनाच्या रेषा वर सरकल्या असत्या आणि लठ्ठपणाच ‘सरासरी’ म्हणून तक्त्यावर छापला गेला असता.

म्हणजे शाळकरी वयासाठी दोन्हीकडे मानक नाहीच. दोन्ही तक्ते संदर्भ आहेत: एका विशिष्ट काळी, विशिष्ट समाजातली मुले कशी वाढली याच्या त्या नोंदी. एक साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेचा, दुसरा या शतकातल्या सुस्थितीतल्या भारतीय शहरांचा. ‘जागतिक’ म्हणून पहिला आपोआप श्रेष्ठ ठरत नाही, आणि ‘आपला’ म्हणून दुसराही नाही. तक्ता कशासाठी वापरायचा आहे, त्यावर निवड ठरते.

एक उदाहरण घेऊ. दहा वर्षे पूर्ण झालेली एक मुलगी, उंची १२५ सेंटिमीटर. जागतिक तक्त्यात या वयाच्या मुलीची मधली उंची १३८.६ सेंटिमीटर आहे, आणि खुजेपणाची सीमा १२५.८. मुलगी या सीमेच्या खाली आहे, त्यामुळे शाळेच्या तपासणीत तिच्या नावापुढे खुजी अशी नोंद होईल. भारतीय तक्त्यावर तीच मुलगी सर्वांत खालच्या रेषेच्या किंचित वर पडते. लहान चणीची, पण रेषांच्या आत. आता आईवडिलांची उंची पाहायला हवी. आई १५० सेंटिमीटर, वडील १६३. दोघांची सरासरी १५६.५. मुलगी असेल तर त्यातून ६.५ वजा करतात, मुलगा असेल तर ६.५ मिळवतात. या मुलीची अपेक्षित अंतिम उंची येते १५० सेंटिमीटर. जागतिक तक्त्यात अठराव्या वर्षी खुजेपणाची सीमा १४९.८ सेंटिमीटरवर आहे. म्हणजे ही मुलगी घराण्याच्या उंचीप्रमाणे अगदी व्यवस्थित वाढली तरी त्या तक्त्यावर ती कायम खुजेपणाच्या काठावरच राहणार. भारतातल्या प्रौढ स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे हे लक्षात घेतले, तर अशा किती घरांमध्ये विनाकारण रक्ततपासण्या होतील, हाताचे एक्स-रे निघतील आणि आईवडील उंची वाढवण्याच्या पावडरींमागे लागतील याचा अंदाज येतो.

इथे एक आक्षेप निघतो आणि तो रास्त आहे. आईची उंची १५० आहे ती तिच्या रक्तातच होती म्हणून, की तिच्या बालपणी घरात दूध-डाळ कमी होती म्हणून? आईवडील स्वतःच कुपोषणामुळे खुजे राहिले असतील, तर त्यांच्या उंचीवरून मुलीची ‘अपेक्षित’ उंची काढणे म्हणजे जुनी कमतरता पुढच्या पिढीला लावून देणे. हा आक्षेप पुसून टाकता येत नाही, पण त्याचे उत्तर सरळही नाही. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींचा एक अभ्यास १९९० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. लहानपणीच भरपूर अन्न आणि उत्तम आरोग्यसेवा मिळाल्यावर या मुली झपाट्याने वाढल्या. मात्र त्यांना पाळीही लवकर आली, सरासरी साडेअकरा वर्षांच्या आसपास, आणि वाढ लवकर थांबली. त्यांची अंतिम उंची सरासरी १५४ सेंटिमीटर भरली. पिढ्यांची कमतरता एका पिढीत भरून निघत नाही, आणि ती भरून काढण्याच्या घाईत मुलगी लवकर वयात आली तर उलटाच परिणाम होतो. म्हणून आजच्या मुलीला तपासताना तिच्यासारख्या सुस्थितीतल्या भारतीय मुली प्रत्यक्षात किती वाढतात, हीच जास्त खरी तुलना ठरते. दोन तक्त्यांमधला उंचीचा फरक वयात येण्यापूर्वी कमी असतो आणि वाढ संपताना, विशेषतः मुलींमध्ये, काही सेंटिमीटरपर्यंत रुंदावतो, त्याचे एक कारण हेही आहे.

मात्र भारतीय तक्त्यावर मुलगी रेषांच्या आत आली म्हणून विषय संपत नाही. याच मुलीची नवव्या वाढदिवसाची उंची ११९.५ सेंटिमीटर होती असे समजू. वर्षात साडेपाच सेंटिमीटर वाढ झाली. वयात येण्यापूर्वी मुले वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. ही मुलगी लहान आहे, पण आपल्या रेषेने चालली आहे. सहा महिन्यांनी पुन्हा मोजणे एवढेच करायचे. आता समजा गेल्या वर्षीची उंची १२२ होती. आजची उंची तीच १२५, दोन्ही तक्त्यांवरची आजची जागाही तीच, पण वर्षभरात ती फक्त तीन सेंटिमीटर वाढली आहे आणि एक रेषा सोडून खालच्या रेषेकडे घसरली आहे. या मुलीची तपासणी त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवी. थायरॉइडची कमतरता, गव्हातील प्रथिनामुळे होणारा सीलिॲक आजार, मूत्रपिंडाचा दीर्घ आजार, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता आणि मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत, आणि यांतल्या बहुतेकांवर वेळेत उपचार सुरू झाले तर उंची बरीच सावरते. दोन मापांमधले अंतर निदान सहा महिन्यांचे असावे. त्याहून कमी अंतरात मोजण्यातली चूकच वाढीपेक्षा मोठी ठरते.

मोजण्यातली चूक हा दुर्लक्षित भाग आहे. भिंतीवर चिकटवलेली कापडी पट्टी, पायात मोजे, मुलीच्या डोक्यावर घट्ट वेणी किंवा अंबाडा, किंचित वर उचललेली हनुवटी, एवढ्याने सहज दीड-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. वरच्या उदाहरणात तेवढ्याने मुलगी जागतिक तक्त्यावर खुजी किंवा ठीक ठरू शकते. उंची मोजताना टाचा, नितंब आणि पाठ स्टॅडिओमीटरच्या खांबाला टेकलेली हवी, डोळ्यांची खालची कड आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत हवे, आणि डोक्यावर येणारी पट्टी केस दाबून टेकवायला हवी. माप गचाळ असेल, तर कोणताही तक्ता निवडला तरी निष्कर्ष तितकाच गचाळ निघतो.

वजनाच्या बाबतीत दोन तक्त्यांमधला फरक उलट दिशेने जातो, आणि त्याचे परिणाम जास्त गंभीर आहेत. अठरा वर्षे नुकतीच पूर्ण झालेला, बारावीची परीक्षा दिलेला एक मुलगा घेऊ. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७० किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय येतो २४.२. जागतिक तक्त्यात या वयाच्या मुलाची जास्त वजनाची सीमा २४.९ आहे, म्हणून हा मुलगा तिथे ठीक. भारतीय तक्त्यात जास्त वजनाची रेषा अठराव्या वर्षी २३ ला पोहोचते, म्हणून इथे तो जास्त वजनाचा. त्याचे वजन ८० किलो असते, तर बीएमआय २७.७ झाला असता. भारतीय तक्त्यावर ही लठ्ठपणाची पातळी आहे, कारण तिथली लठ्ठपणाची रेषा २७ ला पोहोचते. जागतिक तक्त्यावर मात्र लठ्ठपणा २९.२ पासून सुरू होतो.

भारतीय रेषा इतक्या खाली ओढण्यामागे ठोस कारण आहे. सारख्याच बीएमआयला भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि तीही पोटाभोवती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे तपासली. वजनाला कमी असूनही या बाळांमध्ये चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असल्याचे त्यांनी दाखवले. २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही आशियाई प्रौढांसाठी २३ पासून सावध व्हावे असे सुचवले. मधुमेह भारतीयांना लवकर आणि कमी वजनावर गाठतो, आणि त्याची सुरुवात शाळेतच होत असेल तर २५ ची वाट पाहणे परवडणारे नाही. या एका मुद्द्यावर भारतीय तक्त्याची बाजू निर्विवाद वरचढ आहे.

मग जागतिक तक्ता भारतात कशासाठी? मोजदादीसाठी. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी मुलांसाठी जागतिक तक्तेच वापरले गेले, आणि ते बरोबर होते. भारत, बांगलादेश आणि ब्राझील यांची तुलना करायची तर मोजपट्टी एकच लागते. आणखीही एक कारण आहे. भारतीय तक्त्यावर खुज्या आणि अशक्त मुलांची संख्या कमी दिसते. मेळघाट किंवा नंदुरबारमधल्या आश्रमशाळांची पाहणी करताना तक्ता बदलून कुपोषणाचा आकडा खाली आणता आला, तर आहारावरचा खर्चही खाली आणण्याचा मोह होईल. एका मुलीवर उपचार करायचे की नाही हा एक प्रश्न आणि एका तालुक्याला किती अन्न कमी पडते हा दुसरा. दोन्हींना एकाच रेषेने उत्तर देण्याचा हट्ट धरू नये.

भारतीय तक्त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्याच्या आकडेवारीतली मुले सुस्थितीतली होती, पण ती अटी घालून निवडलेली नव्हती. त्यांच्यातही लोहाची आणि जीवनसत्त्वांची कमतरता असलेली मुले असणारच. काही दशकांनी भारतीय मुले आणखी उंच झाली तर हा तक्ता जुना होईल, तेव्हा तो बदलावा लागेल.

प्रत्यक्ष दवाखान्यात एक अडचण पाचव्या वाढदिवसाला येते. तोपर्यंत मूल जागतिक मानकावर मोजले जात असते, त्या दिवसापासून भारतीय तक्त्यावर. रेषा थोड्या खाली असल्याने मूल अचानक वरच्या पर्सेंटाइलला गेल्यासारखे दिसते. ही वाढ खरी नाही, तक्ता बदलल्याचा तो परिणाम आहे. डॉक्टरांनी त्या भेटीत दोन्ही तक्त्यांवर बिंदू मांडून ते पालकांना समजावून सांगावे, आणि पुढे अठरापर्यंत तक्ता बदलू नये. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हेच घडते. अमेरिकेत डॉक्टर तिथले स्वतःचे तक्ते वापरतात, आणि इथे विसाव्या पर्सेंटाइलवर असलेला मुलगा तिथे सहाव्यावर दिसू शकतो. त्याचे वाढणे थांबलेले नसते, शेजारची मुले बदललेली असतात. जुन्या मापांची तारखांसह नोंद सोबत नेली, तर तिथल्या डॉक्टरांना वाढीचा वेग लगेच काढता येतो.

तेव्हा पाच वर्षांखाली जागतिक मानक, पाच ते अठरा वर्षांपर्यंत दवाखान्यात अकॅडमीचा २०१५ चा भारतीय तक्ता, आणि सर्वेक्षणात तुलनेसाठी जागतिक संदर्भ, हीच अकॅडमीच्या शिफारशीशी जुळणारी आणि सर्वांत समंजस विभागणी आहे. शाळांमधल्या आरोग्य तपासणीत मुलाच्या कार्डावर उंची आणि वजनाबरोबर मोजल्याची तारीख आणि वापरलेल्या तक्त्याचे नाव लिहिले जावे. पालकांनी ते कार्ड सांभाळावे आणि दर सहा महिन्यांनी त्यात एका नव्या मापाची भर घालावी.